मातीच्या हंडीचा व्हिडिओ, कुंडले 2 लिटर: मेटाडेटाच्या कामाच्या नोंदी

3 फेब्रुवारी 2025

चित्रीकरण आणि संकलन संपले. व्हिडिओ 7 मिनिटे 42 सेकंदांचा आहे. विषय एकच: गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका कुंभाराच्या घरी घडणारी, आमटी-कडी शिजवायची मातीची हंडी, म्हणजे कोकणीतले कुंडलें. आता शीर्षक, वर्णन, टप्प्यांच्या वेळा, टॅग, उपशीर्षके आणि विक्रीच्या पानावरची माहिती करायची आहे.

आधी एक तक्ता केला. डाव्या रकान्यात कधी न बदलणाऱ्या गोष्टी: माती, घडण, भाजणी, वापराची पद्धत. उजव्या रकान्यात बदलणाऱ्या: किंमत, घडवायला लागणारे दिवस, पाठवणीचा खर्च, फोन क्रमांक. उजव्या रकान्यातले काहीही व्हिडिओत बोललेले किंवा पडद्यावर लिहिलेले असता कामा नये. ते फक्त वर्णनात आणि पानावर. वर्णन हवे तेव्हा बदलता येते, पण यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा ठेवता येत नाही. आपल्या कच्च्या संकलनात शेवटी "सात दिवसांत घरपोच" असे वाक्य होते. ते कापले. हे वाक्य फेब्रुवारीत खरे आहे, जुलैत नाही.

5 फेब्रुवारी

दिवस मापांत गेला. मातीच्या भांड्याचे माप सांगायला सोपे वाटते, पण सर्वाधिक तक्रारी मापाच्याच असतात.

पहिली अडचण अशी की व्हिडिओतली हंडी ओली आहे. चाकावरून उतरवताना तोंडाचा व्यास 18.6 सेंमी होता, भाजून निघाल्यावर तीच हंडी 17.0 सेंमी भरली. म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आसपास आकस. कानाला हा आकडा लहान वाटतो, पण तो लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत लागतो. 0.914 चा घन साधारण 0.76 येतो. सगळा आकार सारखाच आटला असे धरले, तर ओल्या भांड्यात मावेल त्यापेक्षा जवळजवळ चौथा हिस्सा कमी मावणार. चाकावरच्या दृश्यात पट्टी धरून दाखवलेले माप त्यामुळे विक्रीला निरुपयोगी. त्यात भर म्हणजे या हंडीचा तळ चाकावर होतच नाही. अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी चोपण्याने ठोकत पोट फुगवतात. पोटाचा व्यास ओल्या मापावरून काढताच येत नाही. पट्टीचे दृश्य संकलनातून काढले.

दुसरी अडचण धारणेची. कोऱ्या हंडीत पाणी ओतून मोजले तर पाणी मातीत जिरते आणि आकडा फुगतो. म्हणून एकाच आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजलेल्या सहा हंड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या, सकाळी पुसल्या आणि मग मोजपात्राने भरल्या. काठापर्यंतचे आकडे लिटरमध्ये: 1.88, 1.93, 1.97, 2.02, 2.04, 2.10. सरासरी 1.99.

"100 मिली इकडेतिकडे" लिहायचे ठरत होते, पण पहिली हंडी 120 मिलीने कमी आहे. म्हणून 150. हाताच्या कामाला थोडी सैल मर्यादा दिलेली परवडते, घट्ट देऊन ती मोडणे परवडत नाही.

काठापर्यंत भरून कोणी कडी शिजवत नाही, त्यामुळे दोन आकडे द्यायचे. विक्रीच्या पानावर जाईल तो मजकूर:

```
धारणा: काठापर्यंत 2 लिटर (150 मिली कमी-जास्त)
शिजवायला: सुमारे 1.5 लिटर
तोंड 17 सेंमी, पोट 21 सेंमी, उंची 12 सेंमी
(सर्व मापे भाजल्यानंतरची)
कोरडे वजन: सुमारे 1,650 ग्रॅम
```

वजनापुढे "कोरडे" हा शब्द मुद्दाम आहे. बुडवून काढलेली तीच हंडी 1,860 ग्रॅम भरली. 210 ग्रॅम पाणी मातीने प्यायले, म्हणजे साधारण 13 टक्के. धुऊन लगेच वजन करणाऱ्या ग्राहकाला पानावरचा आकडा खोटा वाटू नये.

8 फेब्रुवारी

साहित्य आणि घडण यांचा मजकूर कारागिरासमोर बसून लिहिला, कारण इथे शब्द सजवण्याचा मोह फार होतो. पहिल्या खर्ड्यात "शंभर टक्के नैसर्गिक", "केमिकल-फ्री" आणि "फूड ग्रेड" हे तिन्ही आले होते. तिन्ही खोडले. "फूड ग्रेड" हा दावा आहे, त्यामागे प्रयोगशाळेचा अहवाल लागतो आणि तो आपल्याकडे नाही. आपल्याकडे जे आहे ते असे: हंडीवर काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ, दिलेला नाही. भांड्यातल्या शिशाची भीती बहुतेक वेळा ग्लेझमुळे असते, म्हणून विचारणाऱ्याला हे वाक्य उपयोगी आहे. पण त्यापुढे जाऊन "शिसेमुक्त" लिहायचे नाही, कारण माती तपासून घेतलेली नाही.

ठरलेला मजकूर असा:

माती: शेतातली चिकणमाती, भिजवून, चाळून, पायांनी तुडवलेली. पाच घमेली मातीला एक घमेले बारीक वाळू. वाळूमुळे सुकताना आकस कमी होतो आणि चुलीवर अचानक ताप लागला तरी भांडे तडकण्याचा धोका घटतो. रंग: गेरूचा हात, भाजण्यापूर्वी. ग्लेझ: नाही.

घडण: काठ आणि गळा विजेवर फिरणाऱ्या चाकावर, हाताने. तळ आणि पोट चोपणे-गुंड्याने ठोकून. भाजणी: लाकडाच्या आव्यात.

विजेच्या चाकाचा उल्लेख ठेवावा की नाही यावर चर्चा झाली. ठेवला. व्हिडिओत मोटरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, तरी वर्णनात "पारंपरिक चाक" लिहिले तर जाणता ग्राहक बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवणार नाही. शिवाय या हंडीचे खरे कसब चाकात नाही, ठोकण्यात आहे. पायाखालच्या तळाची जाडी सारखी नसेल तर भाजताना किंवा पहिल्याच तापात तिथेच तडा जातो. व्हिडिओत ठोकण्याला दीड मिनिट दिले आहे, वर्णनातही तोच भाग आधी.

काळे डाग: आव्यात जिथे हवा कमी पोचते आणि धूर साचतो तिथे मातीतले लोह लाल होत नाही आणि काजळी आत बसते, म्हणून काही हंड्यांवर काळसर पट्टे येतात. हा दोष नाही, पण फोटोत एकसारखी लाल हंडी दाखवली की डाग असलेली परत येते. पानावर तीन हंड्या शेजारी ठेवून फोटो: एक पूर्ण लाल, एक कडेला काळसर, एक अर्धी-अर्धी. त्याखाली एक ओळ, "यांपैकी कोणत्याही रंगछटेची येऊ शकते, निवड हवी असल्यास आधी कळवा."

12 फेब्रुवारी

शीर्षक. पहिले सुचलेले, "मातीचा सुगंध, हातांची जादू", हे कोणी शोधणार नाही. ग्राहक शोधतो ती वस्तू, माप आणि गाव. ठरले:

```
मातीची हंडी 2 लिटर: डिचोलीत चाकावर घडलेले कुंडले
```

यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. वरचे शीर्षक डोळ्यांनी 32 जागांचे, यंत्राच्या हिशेबाने 48. मर्यादेत बसते, पण मोबाइलच्या यादीत लांब शीर्षक मध्येच तुटते. म्हणून वस्तू आणि माप सुरुवातीला, गाव नंतर. गाव तुटले तरी चालते, "2 लिटर" तुटता कामा नये.

वर्णनाचे असेच. पाहणाऱ्याला आधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. तिथे स्वागत किंवा चॅनेलची ओळख नको. पहिली ओळ वस्तू आणि माप, दुसरी ऑर्डरचा दुवा, तिसरी पाठवणी कुठे-कुठे. बाकी सगळे त्याखाली.

आणखी एक हिशेब. वर्णन यूट्यूब स्टुडिओच्या पानावर हाताने भरले तर 5,000 अक्षरे बसतात. पण आपण काही व्हिडिओ एपीआयमार्फत एकगठ्ठा चढवतो, आणि तिथे मर्यादा 5,000 बाइटची आहे. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे निव्वळ मराठी मजकूर सोळाशे-साडेसोळाशे चिन्हांवर संपतो. स्टुडिओत सहज बसलेले वर्णन एपीआयने नाकारले, की कारण बहुधा हेच असते. वर्णन 1,500 चिन्हांत आवरले.

14 फेब्रुवारी

टॅग. यूट्यूब टॅगांना फार वजन देत नाही, त्यांचा खरा उपयोग एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांसाठी. गोव्यात तो भरपूर आहे. डिचोलीला कोकणीत दिवचल, इंग्रजी पाट्यांवर तिसरेच रूप. हंडी, मडके, कुंडलें आणि लहान भांड्याला बुडकुलो. परगावी गेलेला गोवेकर आईच्या तोंडचा शब्द रोमी अक्षरांत टाकून शोधतो.

```
मातीची हंडी, कुंडलें, बुडकुलो, मडके, डिचोली, दिवचल,
Bicholim, Divchal, kundlem, clay pot for fish curry
```

एकूण मर्यादा 500 अक्षरे. हे त्याच्या बरेच आत आहे आणि तेवढेच पुरे. "मेणबत्ती", "फुलदाणी" असले शब्द केवळ शोधात यावे म्हणून घालायचे नाहीत. हंडी पाहायला आलेला पाहतो, फुलदाणी पाहायला आलेला दहा सेकंदांत जातो.

17 फेब्रुवारी

टप्पे लावले. पहिल्या प्रयत्नात व्हिडिओखालच्या वेळेच्या पट्टीवर टप्पे दिसलेच नाहीत. कारण साधे होते: यादी 00:35 पासून सुरू केली होती. पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन टप्पे लागतात, प्रत्येक किमान 10 सेकंदांचा, आणि वेळा चढत्या क्रमाने. दुरुस्त यादी:

```
00:00 हंडी: माप आणि उपयोग
00:35 माती, वाळू, तुडवणे
01:50 चाकावर काठ आणि गळा
03:25 चोपणे-गुंड्याने तळ ठोकणे
05:00 सुकवणे, गेरू
05:50 आवा
06:45 टिचकी आणि पाण्याची चाचणी
07:12 ऑर्डर कशी द्यावी
```

टप्प्यांची नावे ग्राहकाच्या प्रश्नांची उत्तरे आहेत, कवितेच्या ओळी नाहीत. "मातीचा जन्म" असे लिहिले असते तर मातीत वाळू आहे का, हे शोधणाऱ्याला कुठे दाबायचे ते कळले नसते.

06:45 चा टप्पा सर्वांत कामाचा. हंडी एका हाताच्या बोटांवर सैल तोलून दुसऱ्या हाताने टिचकी मारली की भाजलेल्या, अखंड हंडीचा आवाज टणक आणि लांबणारा येतो. केसाएवढा तडा असला तर बद्द येतो, जरी डोळ्यांना काही दिसत नसले तरी. दोन्ही आवाज व्हिडिओत लागोपाठ आहेत. पार्सल पोचल्यावर ग्राहकाने हेच करायचे, म्हणून ऑर्डरच्या मजकुरात या टप्प्याचा दुवा दिला.

19 फेब्रुवारी

उपशीर्षके. कारागीर कोकणीत बोलतो, मधून-मधून मराठी शब्द येतात. आपोआप तयार होणारी उपशीर्षके गेरू, गुंडा, आवा या शब्दांची वाट लावतात, म्हणून ती बंद करून हाताने लिहिलेली एसआरटी फाइल चढवायची. फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करायची, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे दिसतात. बोलण्याची भाषा कोकणी आणि उपशीर्षकांची मराठी, या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या. सगळे "मराठी" करून टाकणे चूक.

टिचकीचा आवाजही उपशीर्षकात लिहिला, कारण आवाज बंद ठेवून पाहणारे बरेच असतात:

```
112
00:06:49,200 --> 00:06:52,000
[टण्ण: अखंड हंडी]

113
00:06:53,500 --> 00:06:55,800
[बद्द: तडा असलेली हंडी]
```

22 फेब्रुवारी

मुखपृष्ठाचे चित्र. जवळून काढलेल्या फोटोत हंडी घागरीएवढी वाटते. शेजारी सोललेला नारळ ठेवून पुन्हा काढला. नारळ सगळे सारखे नसतात हे खरे, पण घरातल्या कोणालाही त्याचा अंदाज असतो. चित्रावर एकच शब्दजोड: "2 लिटर". किंमत नाही.

24 फेब्रुवारी

मूळ फाइलमधली माहिती तपासली. फोनवर काढलेल्या तुकड्यांत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि इथे कार्यशाळा म्हणजे कारागिराचे घर. यूट्यूब स्वतःची नवी प्रत बनवते, पण ठोक ग्राहकांना हाच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जातो आणि तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. आधी पाहणी:

```
ffprobe -v error -show_entries format_tags handi.mp4
```

दोन तुकड्यांत जागा सापडली. अंतिम फाइल जुनी माहिती काढून, नवी भरून पुन्हा बनवली. चित्र किंवा आवाज पुन्हा दाबला जात नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो:

```
ffmpeg -i handi.mp4 -map_metadata -1 -c copy \
  -metadata title="मातीची हंडी 2 लिटर" \
  -metadata comment="KUN-20" handi-final.mp4
```

नंतर पहिली आज्ञा नव्या फाइलवर परत चालवायची आणि व्हिडिओ एकदा उघडून आडवा-उभा बरोबर दिसतो का ते पाहायचे. लोकांनी कार्यशाळेत यावे असे कारागिराला वाटत असेल, तर पत्ता वर्णनात त्याच्या संमतीने लिहावा. फाइलच्या पोटात लपलेला पत्ता ही संमती नव्हे.

27 फेब्रुवारी

ऑर्डरचा मजकूर. हंडीला संकेत दिला, KUN-20. हा संकेत व्हिडिओत, पानावर, फाइलमध्ये आणि व्हॉट्सॲप दुव्यात एकच. दुव्यात आधीच लिहिलेला संदेश मराठीत ठेवला तर दुवा टक्क्यांच्या चिन्हांनी भरून तीन ओळींचा होतो, आणि अशा लांब दुव्यावर बोट ठेवायला लोक कचरतात. म्हणून संदेशात फक्त संकेत:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KUN-20
```

उत्तरात कारागीर चारच गोष्टी विचारतो: किती नग, पिनकोड, गॅस की चूल, रंगछटेची अट आहे का. गॅसचा प्रश्न यासाठी की इंडक्शन शेगडीवर मातीचे भांडे तापत नाही. ग्राहकाकडे फक्त इंडक्शन असेल तर पैसे घेण्याआधी तसे सांगावे. वर्णनातही ओळ आहे: "गॅस आणि चूल चालते, इंडक्शनवर चालत नाही."

पाठवणीचा खर्च हा खरा खटक्याचा मुद्दा. हंडी पावणेदोन किलोच्या आतली, पण कुरिअरवाले बहुधा आकारमानी वजन लावतात: सेंमीतली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5,000. पेंढा आणि दुहेरी खोक्यासह आपले बाहेरचे माप 35 × 35 × 28 येते. म्हणजे 34,300 भागिले 5,000, 6.86. बिल सात किलोचे. खोके 30 × 30 × 24 केले तर हिशेब 4.32 येतो, पण हंडीभोवती फक्त साडेचार सेंमी जागा उरते, आतले खोके बसत नाही, आणि त्या मापाच्या दोन चाचणी पार्सलांपैकी एक हंडी काठावर फुटून पोचली. मोठेच खोके कायम ठेवले. पानावर "वजन 1.65 किलो" आणि "पार्सलचे आकारमानी वजन सुमारे 7 किलो" या ओळी एकाखाली एक लिहिल्या. खर्चाचा वाद तिथेच मिटतो.

पोचल्यावर काय करायचे, तेही त्याच मजकुरात: खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा, हंडी वापरण्याआधी टिचकी मारून पाहा, आवाज बद्द आला तर 48 तासांत तो व्हिडिओ पाठवा. पाण्यात घातलेली किंवा चुलीवर चढवलेली हंडी बदलून मिळणार नाही, कारण तडा वाटेत गेला की तापात, हे नंतर ओळखता येत नाही.

3 मार्च

पहिल्या वापराची पद्धत वर्णनाच्या मधल्या भागात. हंडी रात्रभर पाण्यात. सकाळी तांदळाची पातळ पेज भरून मंद आचेवर अर्धा तास, मग आपोआप निवू द्यायची. पेजेतले पिष्ट बारीक छिद्रांत बसते आणि पाझर कमी होतो. पहिले दोन-तीन दिवस बाहेरून ओलसर लागेल, ते गळणे नव्हे. थेंब पडून खाली डबके झाले तर मात्र तडा आहे. तापलेल्या हंडीत गार पाणी ओतायचे नाही. साबणाऐवजी राख किंवा नारळाची शेंडी, कारण साबण मातीत शिरतो आणि कालची कडी गरम केली की त्याचा वास येतो.

6 मार्च

कारागिराच्या पानावर व्हिडिओची यंत्राला वाचता येणारी माहिती घातली. तपासणीत दोन चुका निघाल्या: कालावधी 7:42 असा लिहिला होता आणि तारखेला वेळेचा पट्टा नव्हता. बरोबर रूप:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "VideoObject",
  "name": "मातीची हंडी 2 लिटर (KUN-20)",
  "description": "चिकणमाती आणि गेरू. ग्लेझ नाही.",
  "thumbnailUrl": "https://example.com/kun-20.jpg",
  "uploadDate": "2025-03-06T10:00:00+05:30",
  "duration": "PT7M42S",
  "inLanguage": "kok"
}
```

यात किंमत नाही. किंमत वस्तूच्या वेगळ्या नोंदीत, म्हणजे एकाच ठिकाणी बदलावी लागेल.

9 जून

पावसाळ्याची दुरुस्ती. हवा दमट असली की हंडी सावलीत सुकायला दुपटीहून जास्त दिवस लागतात. घाईने आव्यात घातली तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन पोटाचा पापुद्रा उडतो. लाकूडही ओले असते. वर्णनातली ओळ बदलली: "जून ते सप्टेंबर: शिल्लक असलेल्या हंड्याच पाठवतो, नवी घडण पाऊस उघडल्यावर. शिल्लक नग विचारून पैसे भरा." हीच ओळ पिन केलेल्या प्रतिक्रियेत आणि व्हॉट्सॲपच्या आपोआप उत्तरात. तिन्ही ठिकाणी बदलल्याची खूण तक्त्यात केली. चौथ्या आव्यातल्या 11 हंड्या शिल्लक आहेत, त्यांपैकी 3 काळसर पट्ट्याच्या.